एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले, आता पत्र कसं लिहू?

*नमस्कार ताई,*

*मी शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. एका हार्डवेअरवाल्या काकांचं ८४,९६० रुपयांचं बिल आमच्याकडून दोनदा दिलं गेलं, ९ मेला आणि पुन्हा २३ मेला. आधी बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तो मी ११४७ नंबरने नोंदवला. नंतर टेम्पोबरोबर मूळ बिल आलं, त्यावर जी/११४७ होतं, ते माझ्या सहकारी मुलीने नोंदवलं. १४ जूनला जीएसटीची टूबी जुळवताना लक्षात आलं. काकांना फोन केला तर म्हणाले, "आमच्याकडे तुमचं काही जास्तीचं दिसत नाही." त्यांचं २० मेचं जी/११६३ हे ५३,१०० चं बिल २५ जूनला द्यायचं होतं, ते साहेबांनी थांबवायला सांगितलंय. शिवाय म्हणतात, कडक पत्र टाक. मी असं लिहिलंय:*

*"आपणांस कळविण्यात येते की, आपल्या खात्यात आमची रक्कम रु. ८४,९६० दोनदा जमा झालेली असून आपण ती अद्याप परत केलेली नाही. सदर रक्कम तीन दिवसांत परत करावी अथवा क्रेडिट नोट पाठवावी, अन्यथा आपली पुढील सर्व देयके रोखण्यात येतील."*

*पाठवू का? बारा वर्षं त्यांच्याकडून माल घेतोय.*

*एक वाचक, कोल्हापूर*

---

हे पत्र पाठवू नका. भाषेचं नंतर बघू, आधी त्यातला आकडाच बरोबर नाही.

काका खोटं बोलत नाहीयेत, असं मला तुमचे आकडे वाचून वाटतं. त्यांच्या बाजूने खातं मांडून बघा. ४ मेच्या आसपास जी/११४७ चं बिल फाटलं, ८४,९६० नावे पडले. ९ मेला तुमचे तेवढेच पैसे आले, खातं निल. २० मेला जी/११६३ चं ५३,१०० चं बिल फाटलं. तीन दिवसांनी, २३ मेला, तुमच्याकडून पुन्हा ८४,९६० आले. त्यांचा हिशेबनीस काय करणार? समोर ११६३ उघडं दिसतंय, त्याने आलेल्या पैशातून ते मिटवलं आणि उरलेले ३१,८६० "खात्यावर जमा" म्हणून ठेवून दिले. जुन्या गिऱ्हाइकाकडून थोडे जास्त पैसे आले, पुढच्या मालाचा अ‍ॅडव्हान्स असेल, असं समजून तो पुढच्या एंट्रीला लागला असेल. त्यात वावगं काही नाही, हार्डवेअरच्या धंद्यात हे रोज होतं.

आता तुम्ही फोन केलात "दोनदा गेले" म्हणून. काकांनी तुमच्या नावावर थकीत बिलं किती ते पाहिलं, एकही दिसलं नाही. जास्तीचे म्हणून ८४,९६० असा आकडाही कुठे दिसला नाही, कारण तो आकडा त्यांच्या खात्यात शिल्लकच नाही. तो फुटून ५३,१०० आणि ३१,८६० झालाय. म्हणून ते म्हणाले, जास्तीचं काही दिसत नाही.

तुमच्या खात्यात मात्र चित्र वेगळं आहे. तिथे ११४७ एक बिल, जी/११४७ दुसरं बिल, दोन्हींचे पैसे चुकते, आणि ११६३ चे ५३,१०० अजून देणं. म्हणजे तुमची वही म्हणते आपण काकांना ५३,१०० देणं लागतो, काकांची वही म्हणते आपल्याकडे यांचे ३१,८६० जमा आहेत. या दोन्हींची बेरीज करा. बरोब्बर ८४,९६० येते. दोन खात्यांतला फरक जेव्हा असा एका बिलाच्या रकमेइतका, अगदी रुपयाला रुपया निघतो, तेव्हा तेच बिल कुठेतरी दोनदा असण्याची दाट शक्यता असते. फरक पाच-पन्नास रुपयांनी जरी वेगळा निघाला तरी थांबा, कारण मग आणखी काहीतरी गुंतलेलं असतं, एखादा परत पाठवलेला माल किंवा कापलेला डिस्काउंट.

म्हणजे खरं मागणं ८४,९६० चं नाहीच. ११६३ तुम्हाला द्यायचंच आहे. ते या पैशातून वळतं झालं की तुमचे काकांकडे राहतात ३१,८६०. तुमच्या पत्रानुसार त्यांनी पूर्ण ८४,९६० परत केले असते, तर ११६३ पुन्हा उघडं पडलं असतं आणि तुम्हालाच ५३,१०० पाठवावे लागले असते. वर "पुढील देयके रोखू" म्हणून ते रोखलेही असते. बारा वर्षांचा माणूस म्हणाला असता, चूक यांची, पैसे मी परत करायचे, आणि माझं घामाचं बिल अडकवायचं. त्याचं म्हणणं खोटं ठरवता आलं नसतं.

तर पत्राआधी आपली वही नीट करा. खरेदीच्या दोन नोंदींपैकी एक रद्द करायची. कोणती ठेवायची? मूळ बिलावर जसा नंबर छापलाय, जी/११४७, तशी नोंद ठेवा आणि फोटोवरून केलेली ११४७ ची काढा. ९ मेचं पेमेंट मग जी/११४७ ला लावा, २३ मेचं खात्यावर मोकळं राहू दे. त्यासोबत दुसऱ्यांदा धरलेलं जीएसटीचं क्रेडिटही आपोआप निघेल. १८ टक्क्यांच्या मालाला ८४,९६० मध्ये मूळ रक्कम ७२,००० आणि कर १२,९६० असतो, म्हणजे टूबीत तेवढाच एकदा दिसत असणार आणि तुमच्या वहीत दोनदा. जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरताना टूबीप्रमाणे आकडा घेतला असेल तर काही बिघडलेलं नाही. वहीप्रमाणे घेतला असेल तर तुमच्या सीएंना आजच सांगा, ते पुढच्या थ्रीबीत उलटवतील, व्याज लागतं का तेही बघतील. गोदामातली आवक नोंदही पाहून घ्या: माल एकदाच आलाय, हे आवक रजिस्टरच्या एका ओळीवरून सिद्ध होतं. दोन बिलं की एक, या वादात ही ओळ सगळ्यांत भक्कम पुरावा असते.

एवढं झालं की तुमच्या खात्यातही काकांकडे ३१,८६० येणं दिसायला लागेल. आता दोन्ही वह्या एकच बोलतात. पत्र लिहायची वेळ ही.

आता तुमच्या मसुद्याकडे वळू. "आपल्या खात्यात दोनदा जमा झालेली असून आपण ती अद्याप परत केलेली नाही." हे वाक्य वाचणाऱ्याला काय सांगतं? पैसे आपोआप जाऊन पडले आणि तुम्ही दाबून बसलात. ज्याने पाठवले तो वाक्यातून गायबच आहे. पाठवले तुम्ही, तर वाक्याची सुरुवात "आमच्याकडून" अशी व्हायला हवी. चूक पहिल्याच ओळीत आपली म्हणून टाकली की समोरच्याला स्वतःचा बचाव करायची गरज उरत नाही, तो थेट हिशेब तपासायला लागतो. आणि कशामुळे झाली तेही एका ओळीत सांगा, म्हणजे एकच बिल दोन नंबरांनी नोंदलं गेलं. याने दोन गोष्टी होतात. तुम्ही प्रामाणिक आहात हे कळतं, आणि त्यांच्या हिशेबनिसाला नेमकं कुठे बघायचं ते कळतं. "सिस्टीममध्ये तांत्रिक अडचण" असं काही लिहू नका, त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

"तीन दिवसांत" का? काकांसारख्या दुकानात हिशेबनीस बऱ्याचदा रोज येत नाही, आठवड्यातून एक-दोनदा येतो आणि साचलेलं उरकतो. तीन दिवसांत तो आलाच नाही तर काका बिचारे काय उत्तर देणार? मुदत द्यावी, जरूर द्यावी, पण तिला कारण असावं. "३० जूनपर्यंत, म्हणजे महिनाअखेरचं खातं जुळेल" ही मुदत कुणालाही पटते, कारण ती त्यांच्याही सोयीची आहे.

"अन्यथा" तर काढूनच टाका. पहिल्या पत्रात अन्यथा लिहिणं म्हणजे समोरचा नाही म्हणणार असं गृहीत धरणं. तो अजून नाही म्हणालेलाच नाही.

मला सगळ्यांत जास्त खटकलं ते "क्रेडिट नोट". हा शब्द आपण सगळेच सैल वापरतो, आपले पैसे त्यांच्याकडे जमा आहेत एवढ्याच अर्थाने. पण जीएसटीत क्रेडिट नोट हा एक ठरावीक कागद आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे विक्रेत्याने तो केव्हा काढायचा, तर बिलात किंमत किंवा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल, किंवा माल सदोष निघाला असेल तेव्हा. तुमच्याकडे यांतलं काहीही झालेलं नाही. बिल एकच, बरोबर. माल एकच, बरोबर. फक्त पैसे दोनदा गेले. तुमचं पत्र वाचून काकांच्या हिशेबनिसाने खरोखर जीएसटीची क्रेडिट नोट काढली तर ती त्यांच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, जीएसटीआर-१ मध्ये, जाईल, तुमच्या टूबीत येईल, आणि पहिल्या, अगदी खऱ्या बिलावरचं १२,९६० चं क्रेडिट तुम्हाला सोडावं लागेल. तिकडे त्यांच्या विक्रीतूनही खरा विकलेला माल कमी झालेला दिसेल. एका शब्दामुळे दोघांचेही रिटर्न चुकतील आणि ते निस्तरायला दोन सीए लागतील.

म्हणून पत्रात "पुढच्या बिलात वळते करा" किंवा "खात्यावर जमा ठेवा" असं साधं मराठी लिहा, आणि जीएसटीची क्रेडिट नोट लागणार नाही हे स्पष्ट लिहून टाका. काका विचारतील, मग तुमचे ३१,८६० माझ्याकडे राहिले तर मला त्यावर कर भरावा लागेल का? मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर नोव्हेंबर २०१७ पासून पैसे आल्या आल्या कर भरावा लागत नाही, बिल फाटेल तेव्हाच लागतो, त्यामुळे त्यांना काळजी नाही. सेवा देणाऱ्याचं गणित वेगळं असतं. ट्रान्स्पोर्टवाला किंवा जॉबवर्क करणारा असता तर मी वळतं करण्याऐवजी सरळ परत मागा म्हटलं असतं, टीडीएसचाही गुंता तिथे असतो. तुमचा मामला नट-बोल्टचा, म्हणजे मालाचा आहे.

परत मागायचे की वळते करायचे, हे मी काकांवर सोडलं असतं. दुकानदाराच्या हातात रोकड कधी असते कधी नसते. आज ३१,८६० काढून द्या म्हटलं तर त्याला दुसऱ्या कुणाचं तरी थांबवावं लागेल. तुमच्या खरेदीकडे पाहिलं तर दोन महिन्यांत दोन बिलं, म्हणजे पुढच्या एकाच बिलात ही रक्कम मुरून जाईल. असा नेहमीचा व्यवहार असेल तर वळतं करणं सगळ्यांत सोपं: बँकेचं काम नाही, चार्जेस नाहीत, कुणी कुणाला पैसे पाठवत नाही. व्यवहार थांबलेला असता, किंवा रक्कम वर्षभराच्या खरेदीएवढी असती, किंवा ३१ मार्च तोंडावर असता, तर परतच मागायला सांगितलं असतं. साहेबांना रोख परतच हवी असेल तर तसं मोकळेपणाने लिहा, पण मग दोन हप्त्यांची मुभा द्या.

आता परत पाठवण्याबद्दल एक गोष्ट, जी लिहिताना बहुतेक जण विसरतात. मी एका पुरवठादाराकडे काम करत होते तेव्हा आमच्याकडे असंच एक पत्र आलं होतं: आमच्याकडून चुकून जास्त रक्कम आली, कृपया सोबतच्या खात्यावर परत करा. लेटरहेड ओळखीच्या कंपनीचं, सही व्यवस्थित. मी बँकेचा उतारा काढला, तर तसली रक्कम आमच्याकडे आलेलीच नव्हती. कंपनीला फोन लावला, त्यांनी पत्र पाठवलेलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी अशा प्रत्येक पत्राकडे संशयाने बघायला लागले, आणि ते बरोबरच होतं. काकांनीही तसंच बघायला हवं. "जास्तीचे आले, परत द्या" हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे.

म्हणून तुमचं पत्र असं हवं की काकांना तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच पडू नये, त्यांनी स्वतःच्या बँक उताऱ्यात बघावं आणि खात्री करून घ्यावी. त्यासाठी दोन्ही पेमेंटच्या तारखा, रकमा आणि युटीआर क्रमांक द्या. एनईएफटीचा युटीआर १६ अक्षरांचा असतो, तो पूर्ण लिहा. शेवटचे चार आकडे लिहून भागत नाही, कारण बँकेच्या उताऱ्यात शोधताना पूर्ण नंबरच उपयोगी पडतो. बँकेच्या पोर्टलवरून दोन्ही पेमेंटच्या पावत्या काढून जोडा. आणि परत पाठवायचे झाले तर कुठलाही नवा खाते क्रमांक देऊ नका. "ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर" एवढंच लिहा. नवीन खातं पाहिलं की शहाणा माणूस थबकतो, आणि थबकायलाच हवं.

साहेब म्हणतील, बँकेला सांगून पैसे उलटे का घेत नाही? बँक तसं करत नाही. बरोबर खात्यावर, बरोबर गेलेली एनईएफटी खातेदाराच्या संमतीशिवाय परत ओढता येत नाही. बँकेला पत्र दिलं तरी ती काकांनाच विचारणार. मग आपणच चांगल्या शब्दांत विचारलेलं बरं.

मी पत्र असं लिहिलं असतं:

> विषय: बिल क्र. जी/११४७ चे पैसे आमच्याकडून दोनदा आल्याबाबत
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपल्या बिल क्र. जी/११४७ चे ८४,९६० रुपये आमच्याकडून नजरचुकीने दोनदा पाठवले गेले. एकच बिल आमच्याकडे ११४७ आणि जी/११४७ अशा दोन क्रमांकांनी नोंदवलं गेलं, त्यामुळे असं झालं. चूक आमची आहे.
>
> दोन्ही वेळा पैसे एनईएफटीने आपल्या नेहमीच्या खात्यात आले आहेत:
> ९ मे, ८४,९६० रुपये, युटीआर क्र. (पूर्ण)
> २३ मे, ८४,९६० रुपये, युटीआर क्र. (पूर्ण)
>
> आपलं २० मेचं बिल क्र. जी/११६३, ५३,१०० रुपये, आम्ही वेगळं दिलेलं नाही. ते २३ मेच्या रकमेतून वळतं करून घ्यावं. कदाचित आपल्याकडे ते आधीच तसं झालं असेल. त्यानंतर आमच्या हिशेबाने ३१,८६० रुपये आपल्याकडे जमा राहतात.
>
> ही रक्कम पुढच्या बिलात वळती करायची, की ज्या खात्यातून आली त्याच खात्यावर परत पाठवायची, यांपैकी आपल्याला जे सोयीचं असेल ते कळवावं. बिल आणि माल दोन्ही बरोबर असल्यामुळे जीएसटीची क्रेडिट नोट काढण्याची गरज नाही.
>
> सोबत १ एप्रिलपासूनचा आमच्याकडचा आपला खातेउतारा आणि दोन्ही पेमेंटच्या पावत्या जोडल्या आहेत. आपल्या उताऱ्याशी पडताळून पाहावं. कुठे फरक वाटला तर फोन करा, मी कागद घेऊन दुकानात येईन.
>
> ३० जूनपर्यंत कळवलंत तर महिनाअखेरचं खातं दोन्हीकडे जुळेल. आपल्याला तसदी दिल्याबद्दल दिलगीर आहोत.

विषयाच्या ओळीत बिलाचा नंबर ठेवलाय तो मुद्दाम. काका हे पत्र स्वतः वाचतील की नाही माहीत नाही, ते बहुधा हिशेबनिसाला फॉरवर्ड करतील आणि तो नुसता विषय पाहून वही उघडेल. "महत्त्वाचे" किंवा "तातडीचे" असं लिहून त्याला काहीच कळत नाही. "कदाचित आपल्याकडे ते आधीच तसं झालं असेल" हे वाक्यही काढू नका. काकांनी फोनवर जे सांगितलं त्याला या वाक्यात मान आहे. तुम्ही म्हणताय की तुमचं म्हणणं आम्हाला समजलं आणि ते बरोबर होतं. पत्रातली बाकी गोडी एका बाजूला, हे एक वाक्य एका बाजूला.

तारखांच्या बाबतीत, तुमचं पत्र जाईपर्यंत ३० जून उलटून गेला असेल तर पुढची महिनाअखेर लिहा. आणि २५ जूनला ११६३ चे ५३,१०० पाठवले तर गेले नाहीत ना, ते आधी बघा. पेमेंटच्या यादीतून ते बिल काढून टाका, नुसतं "थांबवलं" म्हणून ठेवू नका. थांबवलेली बिलं कुणीतरी नवं माणूस एक दिवस सोडून देतं, आणि मग त्याच पुरवठादाराला पुन्हा जास्त पैसे जातात. मी हे होताना पाहिलंय.

पत्राच्या आधी एक फोन करा. आधीच्या फोनवर काका थोडे दुखावले असतील. फोनवर हिशेब सांगत बसू नका, एवढंच म्हणा: "काका, मी आपली दोन्ही खाती लावून बघितली. चूक आमच्याकडची आहे, तुमचं म्हणणं बरोबर होतं. कागद पाठवते, तुमचे हिशेबनीस येतील तेव्हा त्यांना दाखवा." मग पत्र मेलवर टाका आणि त्याच पत्राची पीडीएफ काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. बोलणं फोनवर, पण आकडे कागदावरच राहू देत.

काका फोनवर म्हणतील, "ठीक आहे, पुढच्या बिलात बघू." तेवढ्यावर सोडू नका. लेखी एक ओळ मागून घ्या. त्यासाठी तुम्हीच ती लिहून पाठवलीत तर त्यांना नुसतं "हो" म्हणायचं उरतं: "काका, ठरल्याप्रमाणे ३१,८६० रुपये पुढच्या बिलात वळते करायचे. बरोबर ना?" त्यावर आलेलं "हो" जपून ठेवा. पुढचं बिल समजा ४०,००० चं आलं, तर तुम्ही ८,१४० पाठवायचे आणि पेमेंटच्या पावतीसोबत वळते केलेले ३१,८६० कुठले ते लिहून पाठवायचं. नाहीतर त्यांच्याकडे ते बिल अर्धवट भरलेलं दिसेल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

उत्तरच आलं नाही तर? मुदतीनंतर आठवडाभर थांबा. मग तेच पत्र पुन्हा, वर दोनच ओळी: आधीचं पत्र मिळालं का, आणि खातं कुठे अडतंय ते सांगितलंत तर आम्ही सोडवू. बहुतेक वेळा हिशेबनीस आलेला नसतो किंवा मेल पाहिलेलाच नसतो. तेव्हा कागद घेऊन दुकानात जा. समोरासमोर दोन उतारे ठेवले की दहा मिनिटांचं काम असतं.

साहेबांची समजूत घालायची तर त्यांना हे सांगा की कायदा आपल्या बाजूने आहे, त्यामुळे आवाज चढवायची घाई नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७२ म्हणतं की चुकीने दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने ते परत केले पाहिजेत. चूक देणाऱ्याची होती म्हणून हक्क जात नाही. पण हे कलम पहिल्या पत्रात लिहायचं नाही. दोन पत्रं, एक भेट, आणि तरीही उडवाउडवी झाली, तरच सीए किंवा वकिलांच्या सल्ल्याने ते पुढच्या पत्रात येऊ दे. तोवर प्रत्येक पत्राची तारीख आणि प्रत फाईलला असू द्या. तुमच्या बाबतीत तिथवर जाईल असं मला वाटत नाही, कारण काकांच्या वहीत ते ३१,८६० बसलेले आहेत, त्यांना ते सापडतील.

तुमच्या सहकारी मुलीवर रागावू नका. टॅलीला ११४७ आणि जी/११४७ ही दोन वेगळी बिलं वाटली, तर तिला वाटली यात नवल नाही. आजपासून एवढं ठरवा की व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवरून खरेदीची नोंद करायची नाही. मूळ बिल आणि गोदामाची आवक नोंद दोन्ही हातात आली की मगच, आणि नंबर छापलाय तसाच, जी आणि तिरक्या रेघेसकट. फोटो आल्याची घाई असेल तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

काकांचं उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून जी/११४७ च्या मूळ बिलाला टाचा. फोटोच्या प्रतीवर लाल पेनाने "दोनदा नोंद, रद्द" लिहून तीही त्याच्याच मागे टाचा. वर्षअखेरीस ऑडिटर २३ मेच्या पेमेंटला बिल कुठे म्हणून विचारेल, तेव्हा हा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवायचा.